चूक नेमकी कितव्या ओळीत?

दहावीची परीक्षा जवळ आली की ज्याला जरा गणित येतं अशा माणसाच्या फोनवर एका ठरावीक प्रकारचे फोटो येऊ लागतात. वहीचं पान, थोडं तिरकं, कडेला धरणाऱ्याचा अंगठा, एकाखाली एक सहा-सात ओळी आणि फोटोखाली तीन शब्द : 'बरोबर आहे का?'

यावर मोठी माणसं साधारण दोन गोष्टी करतात. काही जण शेवटची ओळ बघून 'नाही' म्हणतात आणि मोकळे होतात. बाकीचे कागद ओढतात, तेच उदाहरण स्वतःच्या पद्धतीने पहिल्यापासून सोडवतात आणि त्याचा फोटो उलट पाठवतात. दुसरा प्रकार प्रेमळ असला, तरी फारसा उपयोगाचा नाही. मुलीच्या हातात आता दोन पानं असतात. एकावर एक उत्तर, दुसऱ्यावर दुसरं. तिने सहा ओळी घेतलेल्या असतात, मामाने तीन ओळींत उरकलेलं असतं, त्यामुळे ओळीसमोर ओळ ठेवून बघायचीही सोय नाही. ती मामाची रीत उतरवून घेते आणि पुढच्या उदाहरणात तीच चूक पुन्हा करते, कारण ती कुठे झाली हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं.

तिचा प्रश्न 'हे कसं सोडवायचं' असा नव्हताच. लिहिलेल्या ओळींपैकी कुठल्या ओळीपर्यंत सगळं ठीक आहे, असा तो होता. या प्रश्नाचं उत्तर गणित पुन्हा न सोडवता देता येतं, आणि तेही बऱ्याचदा तोंडी हिशेबाने.

माझ्या भाचीने पाठवलेलं पान असं होतं. ओळींना क्रमांक मी घातले आहेत.

(१) (२x + १)/३ − (x − ४)/२ = ३
(२) २(२x + १)/६ − ३(x − ४)/६ = ३
(३) [२(२x + १) − ३(x − ४)]/६ = ३
(४) २(२x + १) − ३(x − ४) = १८
(५) ४x + २ − ३x − १२ = १८
(६) x − १० = १८
(७) x = २८

उत्तर बरोबर आहे की नाही, हे कळायला शाळेत शिकवलेला ताळा पुरतो. पहिल्या ओळीत x = २८ ठेवलं की पहिला अपूर्णांक ५७/३, म्हणजे १९. दुसरा २४/२, म्हणजे १२. वजाबाकी ७ येते, हवे होते ३. उत्तर चुकलंय. इथवर सगळेच येतात आणि इथेच खोडरबर हातात घेतात. आपण अजून थोडं पुढे जाऊ.

बीजगणिताच्या ओळीवरून पुढच्या ओळीवर जायचे कायदेशीर रस्ते मुळात दोनच आहेत. एक, समीकरणाच्या एखाद्या बाजूचं रूप बदलायचं : कंस सोडवायचा, छेद समान करायचे, सजातीय पदं एकत्र करायची. यात त्या बाजूची किंमत तसूभरही बदलता कामा नये, फक्त पोशाख बदलतो. दोन, दोन्ही बाजूंना एकच गोष्ट करायची : दोन्हीकडे सहाने गुणायचं, दोन्हीकडे दहा मिळवायचे. यात दोन्ही किमती बदलतात, पण सारख्याच रीतीने. 'पक्षांतर' म्हणून जे शिकवतात ते या दुसऱ्याच रस्त्याचं छोटं नाव.

आता x ला आपल्या मनाने एक किंमत देऊ. ती समीकरणाचं उत्तर असण्याची काहीच गरज नाही. मी दहा घेतो, कारण दहाने हिशेब सोपा होतो. प्रत्येक ओळीत डाव्या बाजूचे किती झाले आणि उजव्या बाजूचे किती, एवढंच लिहायचं.

पहिल्या ओळीत डावीकडे २१/३ वजा ६/२, म्हणजे ७ − ३ = ४. उजवीकडे ३. दोन्ही बाजू समान नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नये. दहा हे उत्तर नाही, तेव्हा त्या समान नसणारच. आपल्याला पाहायचंय ते एवढंच, की हे ४ आणि ३ खाली उतरताना नीट वागतात का. दुसऱ्या ओळीत छेद समान केले : ४२/६ वजा १८/६, पुन्हा ४. उजवीकडे ३. तिसऱ्या ओळीत तेच एका छेदावर आणलं : २४/६, म्हणजे ४. उजवीकडे ३. चौथ्या ओळीत दोन्ही बाजूंना सहाने गुणलंय. डावीकडे ४२ − १८ = २४, उजवीकडे १८. चार सक चोवीस, तीन सक अठरा. ठीक चाललंय.

पाचवी ओळ : ४० + २ − ३० − १२. शून्य! उजवीकडे १८ जसेच्या तसे.

चौथ्या ओळीवरून पाचवीवर येताना तिने फक्त कंस सोडवले होते. म्हणजे हा पहिला रस्ता, पोशाख बदलण्याचा. डाव्या बाजूचे २४ इथे २४ च राहायला हवे होते, ते शून्य झाले. पहिली चुकीची पायरी ही. सहावी ओळ तपासली तर डावीकडे १० − १० = ०, उजवीकडे १८, म्हणजे पाचवीशी तंतोतंत जुळते. सातवीत दोन्हीकडे दहा मिळवले : १० आणि २८. तीही पाचवीशी इमान राखून आहे. पाचव्या ओळीनंतर त्या मुलीने काहीही चुकवलेलं नाही. आणि x चं खरं उत्तर किती, हे आपल्याला अजून ठाऊकसुद्धा नाही.

हा 'दहा' आणखीही एक गोष्ट सांगतो. २४ चे ० झाले, म्हणजे २४ चा घोटाळा. एखाद्या पदाचं चिन्ह उलटं पडलं की फरक नेहमी त्या पदाच्या दुप्पट पडतो. बारा मिळवायचे होते आणि तुम्ही बारा वजा केलेत तर चोवीसचा खड्डा पडतो. तेव्हा संशय सरळ १२ वर. खात्री हवी असेल तर x ला ७ देऊन बघा. चौथ्या ओळीत ३० − ९ = २१, पाचवीत २८ + २ − २१ − १२ = −३. फरक पुन्हा २४. x बदलला तरी फरक बदलत नाही, म्हणजे चूक x असलेल्या पदात नाही, सुट्या संख्येत आहे. −३(x − ४) मधले ते १२ अधिक असायला हवे होते, वजा झाले.

हाताशी सोयीची संख्या धरून गणित त्यातून चालवायचं, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) इष्टकर्म नावाची रीत आहे. एक इष्ट संख्या धरा, तिच्यावर उदाहरणातल्या सगळ्या क्रिया करा, आणि जे आलं व जे यायला हवं होतं त्यांच्या प्रमाणात ती संख्या दुरुस्त करा. तिथे ती उत्तर काढायला वापरली आहे आणि आपण तपासायला वापरतोय, एवढा फरक. त्याच ग्रंथात व्यस्तविधीही आहे : शेवटच्या फळापासून उलट्या क्रिया करत मूळ संख्येपर्यंत जाण्याची. तपासणीत तीही उपयोगी पडते, पण तिच्यात एक खोच आहे.

खालून वर जाताना मनाने संख्या घ्यावी लागत नाही. मुलीचं चुकीचं उत्तर, २८, हेच हत्यार. पाच ते सात या ओळी आपापसात सुसंगत आहेत, म्हणून २८ त्या तिन्ही ओळींना लागू पडतं. पहिल्या ओळीला मात्र ते लागू पडत नाही, हे ताळ्यातच दिसलं. म्हणजे मध्ये कुठेतरी एक सीमा आहे : तिच्या खाली २८ चालतं, वर चालत नाही. ती शोधायला सगळ्या ओळी तपासायचीही गरज नाही. घरातली वायर कुठे तुटली हे बघणारा वायरमन जसा मधल्या जोडावर टेस्टर लावतो आणि अर्धी वायर निकालात काढतो, तसं मधल्या ओळीवर जायचं. चौथ्या ओळीत २८ ठेवा : ११४ − ७२ = ४२, हवे १८. चालत नाही, म्हणजे सीमा चौथीच्या खाली. सहावीत ठेवा : २८ − १० = १८. चालतं. पाचवीत : ११२ + २ − ८४ − १२ = १८. चालतं. चौथी नाही, पाचवी हो. सात ओळींसाठी तीन तपासण्या. कडू प्रश्न पंधरा-सोळा ओळींचा असेल तर चार पुरतात.

खोच अशी की, चुका दोन असतील तर खालून वर जाणारा माणूस शेवटच्या चुकीवर अडतो, पहिल्या नव्हे. समजा, हेच उदाहरण दुसऱ्या एखाद्या मुलाने सोडवलं. पाचवी ओळ त्यानेही तशीच चुकवली आणि वर सहाव्या ओळीतल्या x − १० = १८ वरून x = ८ लिहिलं, म्हणजे दहा पलीकडे नेले पण चिन्ह बदललं नाही. आता सहाव्या ओळीत ८ ठेवले तर −२ येतात, १८ नाही. तपासणारा लगेच सांगतो, 'पक्षांतर चुकलंय बाळा, २८ पाहिजे.' मुलगा २८ लिहितो, पुस्तकामागचं उत्तर बघतो, तिथे ४. मुलगा आणि तपासणारा दोघेही चक्रावतात. दहा घेऊन वरून खाली उतरला असता तर पहिला धक्का पाचव्या ओळीतच बसला असता. म्हणून माझा शिरस्ता असा : वेळ कमी असेल आणि ओळी फार असतील तर खालून, नाहीतर वरूनच. वरून उतरताना पहिली बिघडलेली ओळ सापडली की थांबायचं, ती दुरुस्त करायला लावायची आणि खालच्या ओळी मुलालाच नव्याने लिहू द्यायच्या. खालच्या चुका त्याच वेळी दाखवायच्या नाहीत. वरची ओळ बदलली की खालचं सगळं बदलणारच असतं, मग त्यातल्या चुकांवर आत्ताच बोलून काय मिळवायचं?

पुस्तकामागच्या उत्तरांचा विषय निघालाच आहे, तर त्यांचाही एक प्रताप सांगतो. कधी फोटोत पाचवी ओळ वर दिली तशीच चुकलेली असते आणि सहावी ओळ असते x + १४ = १८. सातवी, x = ४. उत्तर बरोबर! मागे ४ आहे हे बघितलेलं असतं आणि मग २ − १२ चे १४ झालेले असतात. नुसता ताळा करणारा इथे पूर्ण फसतो, कारण ४ पहिल्या ओळीत ठेवले की ९/३ − ०/२ = ३, अगदी ठाक. दहाने उतरणाऱ्याला मात्र पाचव्या ओळीत २४ चे ० दिसतात आणि सहावीत ० चे पुन्हा २४. जे गेले तेवढेच परत आले. अशा वेळी मी मुलांना रागवत नाही, पण उत्तर जुळवलंय हे मला दिसलं एवढं सांगतो. जुळवाजुळव दर वेळी लबाडीच असते असंही नाही. उत्तर माहीत असलं की हात आपोआप तिकडे वळतो.

ओळ सापडली, पद सापडलं. आता खरं महत्त्वाचं काम सुरू होतं, आणि इथे घाई करू नये. −३(x − ४) चे −३x − १२ का झाले? या एकाच चुकीच्या ओळीमागे निदान तीन वेगवेगळे विचार असू शकतात. एक : मुलीला वाटतं की कंसाबाहेरचं वजा फक्त पहिल्या पदाचं आहे. ती कंसातल्या पदांना तीनने गुणते, पुढे वजा लावते आणि आतलं चिन्ह आहे तसं राहू देते. दोन : वजा चारही पदापर्यंत जातं हे तिला माहीत आहे, पण वजा गुणिले वजा म्हणजे वजाच, असं कुठेतरी घट्ट बसलंय. तीन : काहीही बसलेलं नाही, रात्रीचे अकरा वाजले होते आणि हात घसरला. तिघींच्या वहीत ओळ एकच. औषधं तीन.

मी फोन लावला.

"पाचवी ओळ काढ. कंसातल्या त्या चारचं काय केलंस?"

"तीन चोक बारा ना मामा."

"बारा बरोबर. त्याच्या आधी वजा कुठून आलं?"

"कंसात वजाच आहे की. तेच ठेवलं."

"बरं, मग वजा तीन, कंसात x अधिक चार. हे सोडव."

"वजा तीन x... अधिक बारा."

झालं, निदान पक्कं. हा छोटासा प्रश्न तिन्ही विचार वेगळे करतो. 'वजा फक्त पहिल्या पदाचं' असं मानणारी मुलगी आतलं अधिक तसंच ठेवते आणि −३x + १२ म्हणते. 'वजा गुणिले वजा वजा' असं मानणारीला इथे वजा गुणिले अधिकच भेटतं, तेव्हा ती −३x − १२ असं बरोबर उत्तर देते. तिला पकडायला (−३) × (−४) नुसतं विचारावं लागतं. आणि जिचा फक्त हात घसरला होता, ती दोन्ही बरोबर सोडवते आणि वर 'अय्या, हो की!' म्हणते. तिच्यासाठी काहीही शिकवण्याची गरज नसते.

मुलांच्या चुका अशा नियमबद्ध असतात, याचा नीट अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये साध्या वजाबाकीतल्या चुकांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचं म्हणणं असं, की पुष्कळ मुलं वाटेल ते आकडे लिहीत नसतात. त्यांच्या डोक्यात एक चुकीचा नियम असतो आणि तो ती फार शिस्तीने पाळतात. ४२ मधून १७ वजा करताना ३५ लिहिणारं मूल प्रत्येक स्थानावर मोठ्यातून लहान वजा करत असतं : सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. त्याला हातचा घेण्याची वेळच येत नाही. त्याला तुम्ही पंचवीस उत्तर सांगितलंत, तर त्याला पंचवीस कळेल, पण नियम तसाच राहील. भाचीचंही तेच. तिला 'उत्तर ४' सांगून मी फोन ठेवला असता तर कंसाबाहेरचं वजा पुढची कित्येक उदाहरणं असंच पहिल्या पदापाशी अडकून बसलं असतं. आम्ही मग कंसाला हात न लावता, −३ ला x ने वेगळं आणि −४ ने वेगळं गुणायचं, प्रत्येक गुणाकार चिन्हासकट कंसात लिहायचा, अशा चार ओळी लिहिल्या. उत्तर तिचं तिनेच काढलं.

दहाबद्दल थोडं. दहाच का, शून्य का नाही, असं कोणीही विचारेल, कारण शून्याने हिशेब आणखी सोपा. पण शून्य, एक आणि दोन हे तिघं तपासणीला अगदी कुचकामी. (x + ६)/(x + २) मध्ये वरचा-खालचा x कापून ३ उरवणारी मुलं दर वर्षी भेटतात. शून्य ठेवून बघा : ६/२ = ३. चूक लपली. दहा ठेवलं की १६/१२, तीनच्या जवळपासही नाही. एकाचा कितवाही घात एकच, म्हणून x² × x³ ला x⁶ लिहिलं तरी एकाला पत्ता लागत नाही. आणि x + x = x² अशी भयंकर ओळसुद्धा दोनाने तपासली तर चार बरोबर चार होऊन सुटते. छेद शून्य करणारी किंमतही अर्थातच टाळायची. ७, १० किंवा ११ असं काहीतरी घ्यावं.

चांगली संख्या घेऊनही योगायोगाने चूक लपणार नाही का? लपू शकते, पण त्याला मर्यादा आहे. एका बाजूचं रूप बदललं आणि आधीची व नंतरची पदावली प्रत्यक्षात वेगळी असेल, तर x चा सर्वांत मोठा घात एक असताना त्या दोघी फार तर एका किमतीला जुळतील. घात दोन असेल तर फार तर दोन किमतींना. (x + ३)² ऐवजी x² + ९ लिहिलं तर फरक ६x चा पडतो, आणि तो फक्त शून्याला नाहीसा होतो. तेव्हा वर्गसमीकरणातल्या अशा पायरीवर तीन वेगवेगळ्या किमती जुळल्या, तर ती पायरी बरोबर आहे असं छातीठोकपणे म्हणता येतं. रोजच्या कामात एक दहा पुरतो, शंका वाटली तर सात.

तरीही काही दुखणी अशी आहेत की ती या पद्धतीला दिसतच नाहीत. x² = ५x या ओळीखाली मूल x = ५ लिहितं. दहाने तपासलं तर वर १०० आणि ५०, खाली १० आणि ५. दोन्ही बाजूंना दहाने, म्हणजे x ने भागलं, सगळं सुरळीत. पण x शून्य असू शकतो आणि शून्याने भागता येत नाही. या भागाकारात x = ० हे दुसरं उत्तर गुपचूप गळालं. संख्या ते सांगणार नाही, डोळ्यांनीच पाहावं लागतं : 'अक्षराने भागलंय का?' याच्या उलट प्रकार वर्ग करताना होतो. √(x + ६) = x याचा दोन्ही बाजूंनी वर्ग केला की x + ६ = x², आणि त्यातून ३ व −२ ही दोन उत्तरं निघतात. एकही ओळ चुकलेली नाही. पण मूळ समीकरणात −२ ठेवलं तर डावीकडे √४ म्हणजे २, उजवीकडे −२. हे उत्तर वर्ग करताना बाहेरून आत शिरलं. इथे 'पहिली चुकीची ओळ' अशी काही नसतेच, चूक असते ती शेवटी ताळा न करण्यात.

शाब्दिक उदाहरणांत पहिल्या ओळीकडे वेगळं बघावं. 'वडिलांचं वय मुलाच्या तिपटीपेक्षा पाचाने कमी' याचं समीकरण चुकीचं मांडलं असेल, तर त्याखालच्या सगळ्या ओळी निर्दोष असूनही उत्तर चुकणार. दहा फक्त ओळीओळींतले सांधे तपासतो, पहिली ओळ प्रश्नाशी जुळते का हे नाही. हेच पुस्तकातून उतरवून घेताना झालेल्या चुकीचं. फोटो आला की मी आधी पुस्तकाच्या पानाचाही फोटो मागतो. अधिकचं वजा वहीत येतानाच झालेलं असतं, असं बऱ्याचदा निघतं.

परीक्षेतही हा हिशेब पैशाला पैसा वाजवून होतो. आपल्या बोर्डाच्या पेपरात पायऱ्यांना गुण असतात. इंटरनॅशनल बॅकलॉरिएटसारख्या परीक्षांत तर आधीच्या चुकीच्या उत्तरावरून पुढची पायरी योग्य रीतीने केली तर त्या पुढच्या पायरीचे गुण देण्याची स्वतंत्र तरतूद आहे. भाचीच्या सहाव्या आणि सातव्या ओळीत काहीच वावगं नव्हतं, हे तिलाही कळायला हवं होतं. सगळं पान खोडून टाकणाऱ्या मुलीला ते कधी कळत नाही.

म्हणून मुलांना माझ्या तीनच अटी. एका ओळीत एकच उद्योग करा. कंस सोडवणं आणि पक्षांतर एकाच ओळीत उरकलंत तर मला सांधा सापडणार नाही. ओळींना क्रमांक घाला. आणि चूक सापडली की खोडरबर वापरू नका, त्या ओळीवर एक रेघ मारा आणि शेजारी नवी ओळ लिहा. खोडलेली चूक कोणालाच तपासता येत नाही.

वाचकांसाठी एक पान इथे ठेवतो. उत्तर चुकलेलं आहे, एवढं सांगून टाकतो.

(१) (x + २)² − (x − ३)² = ३५
(२) x² + ४x + ४ − (x² − ६x + ९) = ३५
(३) x² + ४x + ४ − x² + ६x + ९ = ३५
(४) १०x + १३ = ३५
(५) १०x = २२
(६) x = २.२

पुन्हा सोडवू नका. x ला १० द्या, वरून एकेक ओळ उतरा, आणि पहिला धक्का बसेल तिथे फरक कितीचा पडला ते बघा. त्या फरकाच्या निम्मं करा, म्हणजे नेमकं कुठलं पद हेही कळेल.